मेल परत जातायत? आधी बघा, गूगल खात्याचे पंधरा जीबी नक्की कोण खातंय

जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडं तासगाव पट्ट्यात कुणाला फुरसत नसते, बागेत माल तयार असतो, पॅकहाउसवाल्याचे फोन, मजुरांचे फोन, त्यात हवामान. अशा दिवसात मामांचा मला फोन, "अगं, लॅबवाला म्हणतोय रिपोर्टचा मेल परत आला. दोनदा पाठवला म्हणं. बघ की जरा काय झालंय." युरोपला द्राक्षं जायची म्हणजे औषधांच्या अंशाची तपासणी लागते, तो रेसिड्यू रिपोर्ट हातात असल्याशिवाय पुढची गाडी हलत नाही, त्यामुळं मामा वैतागलेले. मी सांगलीत, ते तासगावला, रविवारी मी एसटीनं गेले आणि दुपारचं जेवण झाल्यावर ओसरीत त्यांचा फोन आणि माझा लॅपटॉप घेऊन बसले. जे केलं ते तसंच्या तसं इथं लिहिते, कारण त्यानंतर गल्लीतल्या चौघांना हेच सांगावं लागलं आणि प्रत्येकानं आधी तीच चूक केलेली होती.

चूक काय, तर मेल येत नाही म्हणून मेल पुसत बसणं. मामांनी आणि त्यांच्या पोरानं तीन संध्याकाळी बसून जाहिरातीचे मेल उडवलेले, पोरगा सांगत होता साडेपाच-सहा हजार तरी असतील. आणि खात्यात भरलेल्या जागेचा आकडा तिथंच, जागेची पट्टी लालच.

आधी हे समजून घ्या की गूगलच्या फुकट खात्याला १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून एकच असते. तिघांचे वेगळे वाटे नाहीत. मामांना मी म्हटलं, तीन भावांची सामायिक विहीर समजा, पण पाळी ठरलेली नाही, ज्यानं आधी मोटर चालू केली त्यानं उपसलं, आणि तळ लागला की ज्यानं बादलीभर पण पाणी घेतलं नाही त्याचं पण पीक वाळणार. ते लगेच हसले, कारण हा अनुभव घरचाच आहे. जीमेल म्हणजे तो बिचारा तिसरा भाऊ. जागा खाल्ली दुसऱ्यांनी, पण १५ जीबी संपले की मेल यायचे पण बंद आणि जायचे पण बंद. पाठवणाऱ्याला उलटा मेल जातो, त्यात `The recipient's inbox is out of storage space` असं लिहिलेलं असतं, लॅबवाल्यानं त्याचाच स्क्रीनशॉट पाठवला होता. मेल बंद पडणं हे लगेच दिसतं म्हणून सगळ्यांना वाटतं मेलच भरलाय.

अजून एक गोंधळ. मामा म्हणाले, "अगं फोनमधे साठ जीबी रिकामं आहे की." फोनमधली जागा वेगळी आणि खात्यातली वेगळी. फोन १२८ जीबीचा असो नाहीतर ५१२ चा, खात्याला १५ च. फोन रिकामा करून खातं रिकामं होत नाही. फोटोज अॅपमधे `Free up space` म्हणून बटण असतं, ते तर फोनमधले फोटो काढतं आणि खात्यातले ठेवतं, म्हणजे आपल्याला हवंय त्याच्या बरोबर उलट. मामांच्या पोरानं ते पण दाबून बघितलेलं होतं.

आता पहिली पायरी. खातं बरोबर आहे का ते बघा, हसू नका. मामांच्या फोनमधे दोन खाती होती, एक त्यांचं आणि एक मोबाईल घेताना दुकानदारानं उघडून दिलेलं. जीमेल अॅप उघडा, वर उजव्या कोपऱ्यात गोल फोटो नाहीतर अक्षर दिसतं त्यावर टच करा, मेल आयडी दिसेल आणि त्याच्या आसपास किती टक्के वापरलं तेही दिसेल. ज्या आयडीवर मेल परत जातोय तोच आयडी निवडा. मग ब्राउझरमधे हे उघडा, लॅपटॉप असेल तर उत्तम, नसेल तर फोनच्या क्रोममधे पण चालतं:

```
one.google.com/storage
```

इथं एक रंगीत पट्टी दिसते आणि खाली कुणी किती खाल्लं त्याच्या ओळी. मामांचे आकडे मी मागच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं लिहून ठेवले, तुम्ही पण लिहा, नंतर तुलना करायला लागतात. एकूण १५.१ जीबी. त्यात फोटोज ७.९, फोनचे बॅकअप ४.६, जीमेल १.५, ड्राइव्ह १.१. बघा आता, ज्या मेलच्या मागं दोघं तीन दिवस लागले होते तो दीड जीबी. अख्खा जीमेल पुसला असता तरी फार काही हाती लागलं नसतं आणि दोन महिन्यांत परत तीच बोंब.

मामांच्या तोंडून निघालं, "आणि हे बॅकअप म्हणजे कोण? चौथा भाऊ कुठनं आला?" त्याच्याकडं येते. आधी दोन मिनिटांचं काम उरकू.

पुसलेलं सगळं कचरापेटीत जातं आणि तिथं पडून असतं, आणि पडून असलं तरी जागा खातं. जीमेलच्या `Trash` मधे आणि `Spam` मधे मेल तीस दिवस राहतात, ड्राइव्हच्या कचरापेटीत पण फाईल तीस दिवस. ते साडेपाच-सहा हजार मेल सगळे `Trash` मधे होते, म्हणून आकडा हलला नव्हता. जीमेलमधे डावीकडची यादी उघडायची, `Trash` वर जायचं, वरतीच `Empty trash now` येतं. तसंच स्पॅमचं. ड्राइव्हमधे पण `Trash` मधे जाऊन रिकामं करायचं. रिकामं करायच्या आधी एकदा नजर फिरवा, कारण इथनं गेलेलं परत येत नाही. मामांच्या कचरापेटीत बँकेचे दोन मेल निघाले, ते बाहेर काढले.

एवढं करून मिळाले किती? ०.४ जीबी. सहा हजार मेल म्हणजे डोंगर वाटतो, पण जाहिरातीचा साधा मेल सत्तर-ऐंशी केबीचा, त्यातली चित्रं पण बहुतेक मेलमधे नसतातच, उघडल्यावर नेटवरनं येतात. तीन संध्याकाळची कमाई चारशे एमबी. पुढं कळेल की एका व्हिडिओनं याच्या पाचपट खाल्लेलं.

तर आता ज्यानं जास्त खाल्लंय त्याच्याकडं, म्हणजे फोटोज.

फोटोज अॅप उघडा, वर कोपऱ्यातला गोल फोटो, त्यात `Photos settings`, मग `Backup`, मग `Manage storage`. लॅपटॉपवर photos.google.com/settings उघडलं तरी तिथं `Manage storage` असतं. आत गूगलनंच वर्गवारी करून दिलेली असते, मोठे फोटो-व्हिडिओ एकीकडं, स्क्रीनशॉट एकीकडं, अंधुक आलेले एकीकडं. मोठ्यांची यादी उघडली की आकारानं लावलेली असते, सगळ्यात जाडं सगळ्यात वर.

पण हात लावायच्या आधी एक गोष्ट, ही नीट वाचा. बॅकअप चालू असलेल्या फोनवर फोटोज अॅपमधनं फोटो पुसला की तो खात्यातनं पण जातो आणि फोनमधनं पण जातो. लोकांना वाटतं वरचा पुसला, फोनमधला राहील. राहत नाही. ठेवायचं असेल ते आधी लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, उघडून बघा चालतंय का, आणि मगच पुसा. चुकून गेलंच तर फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो साठ दिवस असतो, तिथनं काढता येतो.

मामांच्या यादीत सगळ्यात वर काय होतं सांगू? फवारणीच्या ट्रॅक्टरवर फोन पुढं ठेवून दिलेला आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलेलं. सहा मिनिटं. अर्धं आभाळ, अर्धी ट्रॅक्टरची बॉनेट, आवाज भर्रर्र. २.२ जीबी. कॅमेरा ४के वर होता, आणि ४के मधे एका मिनिटाला साडेतीनशे-चारशे एमबी सहज जातात, साध्या १०८० वर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास. मामांनी तो व्हिडिओ पूर्ण बघितला, सहाच्या सहा मिनिटं, मधे म्हणाले "औषध बरोबर पडतंय बघ", आणि मग पुसू दिला. फोटोजची कचरापेटी पण लगेच रिकामी केली. नंतर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधे जाऊन व्हिडिओ १०८० वर आणून ठेवला, कारण बागेचा व्हिडिओ शेवटी मोबाईलवरच बघायचा असतो.

त्याखाली लग्नाचे, सत्कारांचे दोनचार व्हिडिओ, ते लॅपटॉपवर उतरवले, पोराच्या हार्डडिस्कवर पण एक प्रत टाकली आणि खात्यातनं काढले.

मग मामा मागं मागं सरकत २०१८ ला पोचले, ताईच्या लग्नाचे फोटो, आणि म्हणाले हे पण उतरव नि काढ, आठशे फोटो आहेत. मी म्हटलं थांबा. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, १ जून २०२१ च्या आधी जे फोटो `High quality` वर, म्हणजे गूगलनं थोडे दाबून ठेवलेले, बॅकअप झालेत ते या १५ जीबीत मोजलेच जात नाहीत. त्या तारखेपासनं नवीन चढणारं सगळं मोजतात, दाबलेलं असो नाहीतर ओरिजिनल. म्हणजे जुने फोटो पुसून जागा शून्य मिळते आणि आठवणी मात्र जातात. कसं ओळखायचं, तर फोटो उघडून वर सरकवा, त्याची माहिती येते, तो खात्याची जागा घेतो का नाही ते तिथं दिसतं. लग्नाचे आम्ही चार-पाच तपासले, एक पण जागा घेत नव्हता, तसेच राहू दिले. आणि एक, असे फुकटातले जुने फोटो उतरवून परत चढवायचा उद्योग करू नका, परत चढवले की आजच्या तारखेत आले, मोजणीत आले.

पण त्या काळात ज्यानं `Original quality` ठेवलेलं होतं त्याचे जुने पण मोजले जातात. म्हणून तारीख बघून ठरवू नका, माहिती उघडून ठरवा.

आता फोटोजमधला दुसरा मोठा खड्डा, आणि मला वाटतं आपल्याकडं निम्म्या फोनांत हाच असणार. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो आणि व्हिडिओ फोनमधे वेगळ्या फोल्डरात उतरतात, आणि कधीतरी फोटोजनं विचारलेलं असतं हे पण बॅकअप करू का, आपण हो म्हणून मोकळे. मामांच्या खात्यात शेकड्यानं सुप्रभात, गणपतीबाप्पाचे फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, बेदाण्याच्या सौद्याचे भाव लिहिलेले कागद, कुणाच्यातरी म्हशीचा व्हिडिओ. `Backup` च्या त्याच पानावर `Back up device folders` असतं, ते उघडलं की फोल्डरांची यादी येते, त्यात WhatsApp Images आणि WhatsApp Video समोरचं बटण बंद करायचं. बंद केल्यानं आधी चढलेलं उतरत नाही हं, ते हातानं पुसायला लागतं, बंद केल्यानं पुढचं थांबतं फक्त. कॅमेऱ्याचे फोटो यात येत नाहीत, त्यांचा बॅकअप चालूच राहतो.

त्याच पानावर बॅकअपची क्वालिटी पण बघून घ्या. `Original quality` असेल तर `Storage saver` करा. यात सोळा मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो सोळावर आणला जातो आणि व्हिडिओ १०८० वर. मोबाईलवर बघणाऱ्याला फरक कळत नाही, पण फ्लेक्स छापायचा असेल तर कळेल. आधीचे ओरिजिनल चढलेले सगळे एकदम बारीक करायचा पर्याय पण लॅपटॉपवर फोटोजच्या सेटिंगमधे `Manage storage` मधे मिळतो, पण तो एकदा केला की मागं फिरता येत नाही आणि तो सरसकट लागू होतो, निवडक नाही. मामांकडं मी तो वापरला नाही, गरज पडली नाही. फोटोग्राफीचा धंदा असेल त्यानं तर अजिबात हात लावू नये.

एवढ्यात चहा आला. फोटोज ७.९ वरनं ४.४ वर.

आता चौथा भाऊ. फोनचे बॅकअप, ४.६ जीबी. अँड्रॉइड फोनचं स्वतःचं सेटिंग वगैरे थोडं असतं यात, पण मुख्य मालक व्हॉट्सअॅप. पूर्वी अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअप गूगल खात्यात जायचा पण जागेत धरला जात नव्हता. २०२३ च्या शेवटापासनं ते बदलायला लागलं आणि २०२४ मधे सगळ्यांना लागू होत गेलं, आता तो १५ जीबीतच मोजतात. म्हणून बरेच जण म्हणतात की मी काही वेगळं केलं नाही आणि अचानक भरलं. खरंच केलं नसतं त्यांनी काही. आयफोनवाल्यांना हा भाग सोडून द्यायला हरकत नाही, त्यांचा व्हॉट्सअॅप बॅकअप आयक्लाउडला जातो.

वेबच्या पानावर या ओळीचं नाव आणि जागा मधनंमधनं बदलते, म्हणून मी सरळ व्हॉट्सअॅपमधेच बघते. `Settings`, `Chats`, `Chat backup`. वरतीच शेवटचा बॅकअप कधी झाला आणि त्याचा आकार लिहिलेला असतो, आणि खाली कुठल्या गूगल खात्यात जातो ते पण. मामांचा ४.३ जीबी होता. आणि थोडं खाली `Include videos` चालू.

इथं आमच्या दोघांच्या एकदम लक्षात आलं की तो म्हशीचा व्हिडिओ दोनदा मोजला जात होता. एकदा फोटोजमधे, कारण WhatsApp Video फोल्डर चढत होतं, आणि एकदा व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमधे. एकच म्हैस, दोन ठिकाणी चारा.

करायचं काय, क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हॉट्सअॅपमधेच कचरा कमी करायचा. `Settings`, `Storage and data`, `Manage storage`. इथं पाच एमबीपेक्षा मोठ्या फाईल एकत्र दिसतात, खूप वेळा फॉरवर्ड झालेलं एकत्र दिसतं, आणि खाली कुठल्या ग्रुपनं किती खाल्लं त्याची उतरत्या क्रमानं यादी. मामांच्या यादीत पहिला नंबर भावकीच्या ग्रुपचा, दुसरा द्राक्ष बागायतदारांचा. बागायतदारांच्या ग्रुपात औषधांचे तक्ते असतात ते त्यांना लागतात, म्हणून तिथं फक्त व्हिडिओ काढले. भावकीचं जवळपास सगळं गेलं, मामी शेजारी बसून "हा ठेवा, हा नको" करत होत्या.

मग `Include videos` बंद. आणि मग, हे विसरतात लोक, `Chat backup` मधे जाऊन `Back up` दाबायचं आणि वायफायवर पूर्ण होऊ द्यायचं. नवीन बॅकअप जुन्याच्या जागी बसतो, तोपर्यंत खात्यात जुना जाडा बॅकअप तसाच असतो आणि आकडा कमी होत नाही. मामांचा नवा बॅकअप १.६ जीबी झाला. कुणी सांगेल सरळ बॅकअपच उडवून टाक, एका झटक्यात चार जीबी मोकळे. उडवता येतो, पण नंतर फोन विहिरीत पडला तर सगळे चॅट त्याच्याबरोबर. हे मी उगाच म्हणत नाही, मामांचा मागचा फोन खरोखर शेततळ्यात गेलेला.

जीमेल आता राहिला १.१ चा. याला पुसत बसायची गरज नाही, जाडे तेवढे उचलायचे. वर शोधायच्या पट्टीत हे टाकायचं:

```
has:attachment larger:5M older_than:1y
```

म्हणजे अटॅचमेंट असलेले, पाच एमबीपेक्षा मोठे आणि वर्षापेक्षा जुने. आकडा बदलून `larger:10M` करून पहिल्यांदा अजून मोठे बघू शकता. आणि पाठवलेले मेल विसरू नका, आपण पाठवलेली फाईल पण आपल्याच जागेत पडून असते:

```
in:sent larger:5M
```

मामांच्या पाठवलेल्यात सातबाराचे आणि कर्जाच्या कागदांचे स्कॅन निघाले, एकच पीडीएफ चार वेळा चार माणसांना, कारण प्रत्येक जण "मिळाला नाही, परत पाठवा" म्हणतो. दोन-तीन वर्षांपूर्वीचे रेसिड्यू रिपोर्ट मात्र काढले नाहीत, छोटे आहेत आणि कधी कोण मागेल सांगता येत नाही. पुसून झाल्यावर परत `Trash` रिकामं. मिळाले तीनशे एमबी. ज्याच्यापासनं सगळ्यांनी सुरुवात केली होती तिथं सगळ्यात कमी.

ड्राइव्हला तर मी हात लावला नाही, फक्त बघितलं. बघायची जागा ही:

```
drive.google.com/drive/quota
```

तुमच्या मालकीच्या फाईल आकारानं लावून येतात, मोठी वर. दुसऱ्यानं शेअर केलेल्या फाईल `Shared with me` मधे शंभर दिसल्या तरी त्या ज्याच्या मालकीच्या त्याच्या खात्यात मोजल्या जातात, त्या काढून तुम्हाला काही मिळत नाही. आणि याची दुसरी बाजू म्हणजे तुमच्या मालकीची फाईल तुम्ही पुसली की ज्यांना शेअर केली होती त्या सगळ्यांची गेली. मामांच्या ड्राइव्हमधे सामायिक पाइपलाइनच्या हिशेबाची शीट होती, बारा शेतकरी बघतात ती, ती उडाली असती तर तासगावात राहणं कठीण. तशी गूगलची शीट आणि डॉक्स आकारानं अगदी किरकोळ असतात, त्यांच्यापासनं जागा शोधू नका, ड्राइव्ह भरतो तो कुणी तिथं व्हिडिओ नाहीतर झिप फाईल टाकली असेल तर.

सगळं करून हिशेब असा बसला: फोटोज ४.४, बॅकअप १.९, जीमेल ०.८, ड्राइव्ह १.१ तसाच. एकूण ८.२ जीबी. पण त्या दिवशी संध्याकाळी पानावर मात्र अजून १२ च्या पुढचाच आकडा दिसत होता आणि मामांचा चेहरा पडला. हा आकडा ताजा व्हायला वेळ लागतो, कधी काही तास, कधी एक दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर आला. म्हणून लगेच घाबरून अजून पुसत सुटू नका, आणि एक दिवस उलटूनही हलला नाही तर परत कचरापेट्या बघा, तीन आहेत, एखादी राहिलेली असते.

पैसे भरून जागा वाढवता येते, त्यात चूक काही नाही आणि ती घरातल्या अजून पाच जणांबरोबर वाटून घेता येते. पण कोण खातंय ते न बघता १०० जीबी घेतलं तर ४के चा फवारणी व्हिडिओ परत चढणारच. आणि काहीच न करता भरलेलंच ठेवायचं, हे पण चालत नाही, सलग दोन वर्षं हद्दीच्या वर राहिलं तर गूगल त्या खात्यातलं सगळं काढून टाकू शकतं, मेल, फोटो, ड्राइव्ह, सगळं.

शेवटचं काम, आणि हे केल्याशिवाय उठू नका. परत गेलेले मेल जागा झाली म्हणून आपोआप येतील याच्या भरवशावर राहू नका. ज्याचा ज्याचा परत गेला त्याला फोन करून परत पाठवायला सांगायचं, आणि कुणाकुणाचे परत गेले असतील ते आपल्यालाच आठवायचं, कारण त्याची नोंद आपल्याकडं कुठंच नसते. मामांनी लॅबला केला, पॅकहाउसला केला, बँकेत केला, खतवाल्याला केला.

सोमवारी अकरा वाजता रिपोर्ट आला, पास. मामांनी तो मेलमधनं फोनमधे उतरवला, मला व्हॉट्सअॅपवर पाठवला, भावकीच्या ग्रुपवर टाकला, बागायतदारांच्या ग्रुपवर टाकला, आणि सोबत बागेत उभं राहून केलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ. मी उघडून पहिलं त्याचा आकार बघितला. १०८० होता.